मॅक्स पेनचा तराजू आणि बाजाराची चाल

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या कापड बाजारात पूर्वी दुपारच्या चहाबरोबर सुताच्या भावाची चर्चा होत असे. आता त्याच पेढ्यांवर मोबाईल उघडून निफ्टीचा आकडा पाहिला जातो. एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी कोणीतरी ठासून सांगतो, "मॅक्स पेन पंचवीस हजारावर आहे, उद्या बाजार तिथेच येऊन बसणार." ऐकणारे मान डोलवतात, आणि त्यांच्यातले एक-दोघे त्या भरवशावर सौदाही करून टाकतात. सूत खरेदीसाठी ठेवलेले पैसे, कारागिराच्या मजुरीचे पैसे, कधी व्यापाऱ्याची उधारी चुकवायला बाजूला काढलेली रक्कम अशा रीतीने एका आकड्यावर लागते. म्हणून हा आकडा येतो कुठून आणि त्यात दम किती, याची झडती व्यापाराच्या पानावर घेणे आम्हाला जरूर वाटते. ऑप्शनचा धंदा जायज की नाजायज, हा फैसला उलेमांनी करायचा आहे. आमचा सवाल फक्त हिशेबाचा आहे.

प्रथम ऑप्शन म्हणजे काय ते पाहू. ही चीज विलायतेतून काल-परवा आलेली नाही. मुंबईच्या रुई आणि चांदीच्या बाजारात तेजी-मंदी लावण्याचा रिवाज जुना आहे. १९५६ च्या रोखे करार कायद्यात ऑप्शनची व्याख्या करताना तेजी, मंदी, तेजी-मंदी आणि गल्ली हे आपल्या बाजाराचे शब्दच घातले आहेत. त्याच कायद्याने रोख्यांमधील ऑप्शनवर बंदी घातली होती, ती १९९५ मध्ये उठली आणि २००१ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टीचे ऑप्शन सुरू झाले. तेजी लावणे म्हणजे कॉल घेणे. ठरलेल्या भावाच्या वर बाजार गेला तर वरचा फरक घेणाऱ्याला मिळतो. मंदी लावणे म्हणजे पुट घेणे. ठरलेल्या भावाच्या खाली बाजार गेला तर खालचा फरक मिळतो. बाजार उलट गेला तर घेणाऱ्याचा फक्त प्रीमियम, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम बुडते. ठरलेल्या भावाला स्ट्राइक म्हणतात आणि सौदा निकाली निघण्याच्या दिवसाला एक्स्पायरी. प्रीमियम घेऊन जोखीम अंगावर घेतो त्याला रायटर म्हणतात, आम्ही त्याला लिहिणारा म्हणू. निफ्टीत माल द्यायचा-घ्यायचा नसतो, फक्त पैशाचा फरक चुकता होतो. आठवड्याच्या सौद्यांची एक्स्पायरी पूर्वी गुरुवारी असे, सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी झाली.

प्रत्येक स्ट्राइकवर किती सौदे अजून उभे आहेत, हा आकडा शेअर बाजार स्वतः जाहीर करतो. त्याला ओपन इंटरेस्ट म्हणतात. मॅक्स पेन याच आकड्यावरून काढतात. म्हणणे असे की ज्या भावावर बाजार बंद झाला असता सर्व घेणाऱ्यांच्या पदरात मिळून सर्वांत कमी रक्कम पडेल, तो भाव म्हणजे मॅक्स पेन, घेणाऱ्याचे कमाल दुखणे. इथपर्यंत फक्त बेरीज-गुणाकार आहे आणि त्यात कोणाचा वाद नाही. वाद पुढच्या वाक्यात आहे, की एक्स्पायरीला भाव त्या स्ट्राइककडे ओढला जातो.

हिशेब एकदा आपल्या हाताने करून पाहू. आकडे समजण्यासाठी आम्ही बनवलेले आहेत आणि पाचच स्ट्राइक घेतले आहेत. समजा २४,८०० च्या स्ट्राइकवर २ लाख कॉल उभे आहेत, २४,९०० वर ४ लाख, २५,००० वर १० लाख, २५,१०० वर १२ लाख आणि २५,२०० वर १५ लाख. पुट त्याच क्रमाने १४ लाख, ११ लाख, ९ लाख, ३ लाख आणि १ लाख. आता निफ्टी २५,००० वर बंद झाला असे धरा. २४,८०० च्या कॉलवाल्याला दर नगामागे २०० रुपये मिळतील, २ लाख नगांचे झाले ४ कोटी. २४,९०० च्या कॉलवाल्याला १०० रुपये, ४ लाखांचे तेही ४ कोटी. वरचे कॉल कोरे गेले. पुटांकडे पाहा: २५,१०० च्या ३ लाख पुटांना १०० रुपयांप्रमाणे ३ कोटी आणि २५,२०० च्या १ लाख पुटांना २०० प्रमाणे २ कोटी. कॉलचे ८ आणि पुटांचे ५ मिळून लिहिणाऱ्यांना १३ कोटी द्यावे लागतील.

हाच हिशेब दुसऱ्या भावांवर लावला तर २४,९०० वर २० कोटी, २५,१०० वर २५ कोटी, आणि दोन्ही टोकांना म्हणजे २४,८०० वर ४२ कोटी व २५,२०० वर ५२ कोटी निघतात. सर्वांत कमी १३ कोटी, म्हणून मॅक्स पेन २५,०००.

ज्यांना इतका गुणाकार नको असेल त्यांनी तराजू डोळ्यांसमोर आणावा. एका पारड्यात भावाच्या खालच्या स्ट्राइकचे कॉल, दुसऱ्यात भावाच्या वरच्या स्ट्राइकचे पुट. भाव वर सरकू लागला की कॉलचे पारडे जड होते, खाली सरकला की पुटांचे. दोन्ही जवळजवळ तोलली जातात तो भाव म्हणजे मॅक्स पेन. आमच्या उदाहरणात २५,००० च्या खाली ६ लाख कॉल आहेत आणि वर ४ लाख पुट. भाव जरा वर गेला तर २५,००० चे १० लाख कॉल कॉलच्या पारड्यात पडतात, जरा खाली गेला तर तिथले ९ लाख पुट पुटांच्या पारड्यात पडतात. म्हणून काटा तिथेच थांबतो. पण तराजू वजन दाखवतो, वस्तू ओढत नाही.

ओढणारा कोण, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: "लिहिणारे मोठे लोक. त्यांच्या खिशातून कमी पैसा जावा म्हणून ते भाव तिथे आणतात." ऐकायला ही गोष्ट गोड आहे. बाजारात तोटा झालेल्या माणसाला कोणीतरी डाव रचून आपल्याला बुडवले असे वाटले की थोडे बरे वाटते. पण लिहिणारे म्हणजे एक माणूस नव्हे, एक जमातही नव्हे. वरच्याच उदाहरणात २५,००० वर कॉल लिहिणाऱ्यांना ८ कोटी द्यावे लागतात. तोच भाव २४,८०० वर आला तर त्यांना एक पैसाही द्यायला नको. मग ते २५,००० साठी झटतील की २४,८०० साठी? पुट लिहिणाऱ्यांना उलट २५,२०० हवा आहे, तिथे त्यांचे देणे शून्य. म्हणजे २५,००० हा भाव या दोघांपैकी कोणाचाच पसंतीचा नाही. तो सगळ्यांच्या हिशेबाची एकत्र बेरीज केल्यावर कागदावर निघतो, आणि बाजारात एकत्र बेरजेचा मालक कोणी नसतो.

शिवाय ओपन इंटरेस्टचा आकडा मुका आहे. १० लाख कॉल उभे आहेत एवढेच तो सांगतो. ते कोणी घेतले, कोणी लिहिले, किती प्रीमियमला लिहिले, लिहिणाऱ्याने दुसरीकडे फ्युचर घेऊन जोखीम झाकली आहे की नाही, हे काही तो सांगत नाही. ज्याने कॉल लिहून त्यासमोर फ्युचर घेऊन ठेवले आहे त्याला बाजार वर गेल्याचे दुःख नसते, एका खिशातून गेले ते दुसऱ्या खिशात आले. त्याचे "दुखणे" मात्र मॅक्स पेनच्या बेरजेत पूर्ण धरलेले असते.

आता आम्ही या मामल्यातल्या खऱ्या गाभ्याकडे येतो. एक्स्पायरीच्या सुमारास भाव एखाद्या स्ट्राइकला चिकटतो, ही गोष्ट सर्वस्वी बनावट नाही. तिला पिनिंग म्हणतात, म्हणजे टाचणीने टोचून ठेवल्यासारखे. पण ते घडण्याचे कारण मॅक्स पेनवाले सांगतात त्याच्या बरोबर उलट आहे, आणि ते आपल्या धंद्यातल्या उदाहरणाने चांगले समजते.

समजा एका व्यापाऱ्याने ठरलेल्या भावाने कापड द्यायचा वायदा केला आहे आणि त्याच्या गोदामात सूत नाही. सुताचा भाव चढू लागला की तो घाबरून सूत घ्यायला धावतो, त्याच्या खरेदीने भाव आणखी चढतो. ऑप्शन लिहिणाऱ्याची हालत अशीच असते. बाजार स्ट्राइकच्या वर निघाला की लिहिलेला कॉल अंगावर येतो, म्हणून जोखीम झाकायला तो फ्युचर खरेदी करतो. खाली निघाला की लिहिलेले पुट अंगावर येतात, म्हणून फ्युचर विकतो. चढत्या बाजारात खरेदी आणि उतरत्या बाजारात विक्री! याने भाव स्ट्राइकवर बसेल की स्ट्राइकपासून पळेल? उघड आहे, पळेल.

आता दुसरा व्यापारी घ्या. त्याने पैसे मोजून ठरलेल्या भावाने सूत उचलण्याचा हक्क घेऊन ठेवला आहे, आणि ठरलेल्या भावाने सूत विकण्याचाही हक्क घेतला आहे. बाजार ठरलेल्या भावाच्या वर गेला की तो बेफिकीर होऊन बाजारात विकतो, कारण त्या भावाने उचलण्याचा हक्क त्याच्या खिशात आहे. बाजार खाली आला की स्वस्तात परत घेतो. त्याच्या वर विकण्याने भाव दबतो, खाली घेण्याने सावरतो, आणि भाव त्या ठरलेल्या आकड्याभोवती घुटमळत राहतो. एक्स्पायरी जवळ येते तसतशी ही विक्री-खरेदी भावाच्या जराशा हालचालीवरही जोरात होऊ लागते. म्हणजे भाव चिकटतो तो ऑप्शन घेऊन बसलेल्या आणि रोज जोखीम झाकणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्यांमुळे. लिहिणाऱ्यांच्या कटामुळे नव्हे. याउलट सामान्य लोक ऑप्शन घेत असतील आणि मोठे लोक लिहून जोखीम झाकत असतील, तर त्यांच्या झाकण्याने भाव स्ट्राइकपासून दूर ढकलला जायला हवा. मॅक्स पेनच्या आकड्यात हा फरक कुठेच दिसत नाही. दोन्ही हालतीत तो तोच स्ट्राइक दाखवतो.

हे आमच्या मनाचे बोलणे नाही. अमेरिकेत सोफी नी, नील पिअर्सन आणि अ‍ॅलन पोटेशमन या तीन अभ्यासकांनी २००५ मध्ये तिथल्या शेअरांवर याच विषयाचा निबंध प्रसिद्ध केला. ज्या शेअरांवर ऑप्शन चालतात त्यांचे बंद भाव एक्स्पायरीच्या दिवशी स्ट्राइकच्या आसपास नेहमीपेक्षा जास्त वेळा सापडतात, असे त्यांना आढळले. कारण शोधताना त्यांना जोखीम झाकणाऱ्या मार्केट मेकरांचा हात दिसला, आणि मोठ्या पेढ्यांच्या स्वतःच्या खात्यातून भाव हलवला जाण्याची खूणही दिसली. मॅक्स पेनचे भक्त हा निबंध पुरावा म्हणून पुढे करतात, पण त्यातला आकडा सांगत नाहीत. असर सरासरीने निदान साडेसोळा बेसिस पॉइंट निघाला, म्हणजे १०० रुपयांच्या शेअरमागे साडेसोळा पैसे. सगळ्या बाजाराची बेरीज केली तर ती मोठी रक्कम होते, म्हणूनच तो निबंध गाजला. पण साडेसोळा पैशांच्या जोरावर घरी बसून सौदा करणाऱ्याच्या हाती काय पडेल? दलाली आणि कर यातच ते विरून जातील. आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तो अभ्यास एकेका कंपनीच्या शेअरांचा आहे, निर्देशांकाचा नव्हे. आणि त्यात भाव जवळच्या स्ट्राइकला चिकटल्याचे दिसते. सबंध बाजाराच्या बेरजेतून काढलेल्या, कदाचित दोनशे अंक दूर असलेल्या एका स्ट्राइककडे तो प्रवास करत जातो, असे त्यात म्हटलेले नाही.

कोणी म्हणेल, "एवढे सगळे खरे, पण आम्ही डोळ्यांनी पाहतो की बाजार बहुतेक वेळा मॅक्स पेनजवळच बंद होतो." पाहता हे कबूल. पण काय पाहता, ते तपासू. वरच्या उदाहरणातला बाजार दुसऱ्या दिवशी घसरून २४,८५० वर आला असे समजा. लिहिणारे आता जवळचे कॉल लिहू लागतील, आणि वरच्या स्ट्राइकचे पुट घेऊन बसलेले आपला नफा खिशात घालून निघून जातील. समजा कॉल आता क्रमाने ५, १५, १६, १४ आणि १५ लाख झाले, आणि पुट १६, १०, ५, २ आणि १ लाख. हिशेब पुन्हा मांडला तर २४,८०० वर ३० कोटी, २५,००० वर २९ कोटी आणि २४,९०० वर १७ कोटी निघतात. काल २५,००० असलेला मॅक्स पेन आज २४,९०० झाला! भाव मॅक्स पेनकडे गेला नाही, मॅक्स पेन भावाच्या मागे चालत आला. उद्या बाजार २४,८९० वर बंद झाला की मोबाईलवर शेवटचा आकडा पाहणारा म्हणेल, "बघा, बरोबर तिथेच आला." सावलीला माणसाचा वाटाड्या समजण्यासारखा हा प्रकार आहे. ऑप्शनचे सौदे चालू भावाच्या आसपासच जास्त होतात, म्हणून त्यांचा तराजूही चालू भावाच्या आसपासच तोलला जाणार. त्यात भाकीत काहीच नाही.

आता एक घडलेला दिवस. १७ जानेवारी २०२४ हा बँक निफ्टीच्या साप्ताहिक एक्स्पायरीचा बुधवार होता. आदल्या दिवशी बँक निफ्टी ४८,१२५ च्या आसपास बंद झाला होता. संध्याकाळी एचडीएफसी बँकेचे तिमाही निकाल आले, ते बाजाराला रुचले नाहीत. सकाळी निर्देशांक दीड हजार अंक खाली उघडला आणि दिवसअखेर दोन हजारांहून अधिक अंक गमावून ४६,०६४ च्या जवळ बंद झाला, म्हणजे चार टक्क्यांच्या वर घसरण. आदल्या संध्याकाळी उभ्या सौद्यांवरून ज्याने ज्याने हिशेब मांडला असेल, त्याचा कागद सकाळी सव्वानऊला रद्दी झाला. ज्याने "बाजार परत येणारच" म्हणून पुट लिहून ठेवले असतील त्याची अवस्था आम्ही काय वर्णावी!

या दिवसाला आणखी एक पदर आहे. सेबीने ३ जुलै २०२५ रोजी जेन स्ट्रीट या अमेरिकन पेढीविरुद्ध अंतरिम आदेश काढला आणि ४,८४३ कोटींहून अधिक रक्कम बेकायदा नफा म्हणून अडकवली. त्या आदेशात याच १७ जानेवारीचा दाखला सविस्तर दिलेला आहे. आरोप असा की पेढीने सकाळी बँकांचे शेअर आणि फ्युचर मिळून सुमारे ४,३७० कोटींची खरेदी करून निर्देशांक उचलून धरला, त्याच वेळी ऑप्शनमध्ये त्याहून कितीतरी मोठी मंदीची बाजू घेतली, आणि नंतर शेअर-फ्युचर विकून टाकले. शेअर आणि फ्युचरमध्ये ६१ कोटींच्या वर तोटा सोसून ऑप्शनमध्ये सुमारे ७३५ कोटी कमावले, असे सेबीचे म्हणणे. पेढीने आरोप नाकारले आणि आपला व्यवहार निर्देशांक आणि ऑप्शन यांच्या भावांतील तफावतीवरचा साधा आर्बिट्राज होता असे सांगून अपील केले. कोण खरे हे ठरवणे आमचे काम नाही.

पण मॅक्स पेनवाले हा दाखला देऊन म्हणतात, "बघा, मोठे लोक भाव हलवतात, आम्ही सांगत होतोच." आम्ही म्हणतो, आदेश नीट वाचा. त्यातला आरोप पूर्ण खरा धरला तरी मॅक्स पेनची बाजू लंगडीच पडते. एक म्हणजे, ज्याच्या अंगात भाव हलवण्याची ताकद आहे तो स्वतःच्या सौद्याला नफा होईल तिकडे हलवतो. सगळ्या अनोळखी लिहिणाऱ्यांचे देणे कमीत कमी व्हावे म्हणून आपले ६१ कोटी कोण घालवील? त्याचा सौदा कोणता हे ओपन इंटरेस्टवरून बाहेरच्या माणसाला कळत नाही. दुसरे म्हणजे, त्या आरोपात भाव हलवून कमाई करणारा मंदीच्या बाजूने ऑप्शन घेऊन बसलेला आहे. घेणाऱ्याला बुडवणारा लिहिणारा तो नाहीच. तिसरी बाब खर्चाची. त्या काळच्या नियमाप्रमाणे एक्स्पायरीचा अखेरचा भाव शेवटच्या मिनिटाचा नसून शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या सरासरीवरून ठरत असे. म्हणजे बंद होता होता एक धक्का देऊन भागत नाही, सबंध अर्धा तास बाजार धरून ठेवावा लागतो. आमच्या उदाहरणात २४,९०० ऐवजी २५,००० आणून सगळ्या लिहिणाऱ्यांचे मिळून ७ कोटी वाचतात. तेही शेकडो-हजारो लोकांमध्ये वाटलेले. त्यासाठी अर्धा तास सबंध निफ्टी कोण अंगावर पेलणार?

मग या कल्पनेत काहीच राहत नाही काय? थोडे राहते. एक्स्पायरीची दुपार आहे, बाजारात मोठी बातमी नाही, भाव आधीच एखाद्या गोल आकड्यापासून वीस-तीस अंकांवर रेंगाळतो आहे आणि त्या स्ट्राइकवर दोन्ही बाजूंचे सौदे भरपूर उभे आहेत, अशा वेळी तो तिथेच घुटमळण्याची शक्यता थोडी जास्त मानायला आमची हरकत नाही. पण हे दुपारी अडीच-तीनला कळते. सोमवारी संध्याकाळी नाही, आणि मागल्या आठवड्यात तर नाहीच. शिवाय जोखीम झाकणारे त्या दिवशी लिहून बसले असतील तर हीच जागा भावाला दूर फेकते, हेही विसरता येत नाही.

खरा धोका या भरवशावर लिहिणाऱ्याला आहे. मॅक्स पेन २५,००० म्हणून त्याच स्ट्राइकचा कॉल आणि पुट दोन्ही लिहिले, आणि दोन्हींचे मिळून समजा १८० रुपये घेतले. बाजार २४,८२० ते २५,१८० च्या आत राहिला तर काहीतरी उरते, आणि बहुतेक आठवडे उरतेही. यातच माणूस फसतो, कारण लागोपाठ दहा वेळा पैसे उरले की मॅक्स पेन सिद्ध झाला असे वाटू लागते. प्रत्यक्षात भाव फार न हलल्याचे ते पैसे आहेत, २५,००० कडे ओढला गेल्याचे नव्हेत. मग एका आठवड्यात बाजार २४,२०० वर बंद होतो. ८०० रुपये द्यायचे, १८० मिळालेले, दर नगामागे ६२० रुपये घरातून. दहा आठवड्यांत सरासरी ६० रुपये उरले असतील, तर ते सगळे त्या एका दिवसात जाऊन वर २० रुपये तोटा. यात मार्जिनची मागणी आली आणि दलालाने मध्येच सौदा कापला तर हिशेब याहून वाईट. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमधल्या दर शंभर किरकोळ सौदेकऱ्यांपैकी ९३ जण तोट्यात निघाले, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर गेला. त्यांच्याकडे मॅक्स पेनचा आकडा नव्हता असे थोडेच आहे!

तरीही ज्यांचा या आकड्यावर विश्वास आहे त्यांच्याशी आम्ही भांडत बसणार नाही, त्यांनी एक वही घालावी. पैसे न लावता. दर सोमवारी बाजार बंद झाल्यावर दोन आकडे लिहावेत: त्या वेळचा मॅक्स पेन आणि त्या वेळचा निफ्टीचा बंद भाव. मंगळवारी अखेरचा भाव आला की दोन्हींपासून तो किती दूर पडला ते लिहावे. पहिला आकडा मॅक्स पेनवाल्याचा, दुसरा अशा अडाणी माणसाचा जो म्हणतो, "मला काही कळत नाही, बाजार आहे तिथेच राहील." मॅक्स पेनला या अडाण्याला हरवता आले पाहिजे, नुसते "पन्नास अंकांच्या आत आला" म्हणून चालणार नाही. सोमवारी बाजार २५,०२०, मॅक्स पेन २५,००० आणि मंगळवारी बंद २५,०४०. मॅक्स पेनवाला म्हणेल चाळीस अंकांत आला. पण अडाणी वीसच अंकांनी चुकला.

वहीत दोन अटी पाळाव्यात. सोमवारचा आकडा पेनने लिहावा आणि मंगळवारी दुपारी मॅक्स पेन सरकला तरी तो खोडू नये. दुसरे, ज्या आठवड्यात दोन्ही आकडे शंभर अंकांहून जास्त दूर असतील त्यांची गणती वेगळी करावी, कारण खरी परीक्षा तिथेच आहे. दोन्ही जवळ असतील तेव्हा कोणीही जिंकला तरी काही कळत नाही. असे दूरचे आठवडे वर्षात थोडेच येतील, म्हणून वही निदान वर्षभर चालवावी लागेल. पंधरा-वीस दूरच्या आठवड्यांत भाव मॅक्स पेनच्या दिशेला किती वेळा सरकला आणि किती वेळा उलटा गेला, एवढे मोजले तरी पुरे. निम्म्या वेळा इकडे आणि निम्म्या वेळा तिकडे निघाले, तर नाणे उडवूनही तेच मिळाले असते.

वर्षभराची अशी वही, तारखांसह आणि खाडाखोड न केलेली, मॅक्स पेनच्या बाजूने साक्ष देणारी कोणी वाचक बंधू घेऊन आले, तर ती याच पानावर छापावी अशी विनंती आम्ही स्वतः संपादकांना करू.